साहाय्य समितीला पत्र : अर्जांच्या छाननीसाठी नियम कसे सुचवावेत

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या ट्रस्टची विद्यार्थी साहाय्य समिती डोळ्यांसमोर आणा. दहावी-बारावीचे निकाल लागले की अर्ज येऊ लागतात. कुणाला अकरावीची फी हवी असते, कुणाला पॉलिटेक्निकच्या वसतिगृहाचे पैसे, कुणाला नुसती पुस्तकं. निधी सगळ्यांना पुरत नाही. समितीचे पाच-सात सदस्य रविवारी सकाळी बसतात. पहिल्या पंधरा-वीस अर्जांवर मनापासून चर्चा होते, मग जेवणाची वेळ होते आणि उरलेला गठ्ठा घाईघाईत उरकला जातो. ज्याचा अर्ज वर होता त्याचं नशीब चांगलं. तुम्ही तिथे नवे स्वयंसेवक आहात, अर्ज नोंदवून घेण्याचं काम तुमच्याकडे आहे, आणि आधी ठरलेल्या नियमांनी प्राथमिक छाननी व्हावी असं तुम्हाला वाटतं. तसं पत्र समितीला कसं लिहायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

एक गोष्ट मात्र पत्राआधीच मनाशी पक्की करा. तुमचे नियम अर्ज पुढे-मागे लावतील, कुणालाही नाकारणार नाहीत. कारण साधं आहे. नियमाने चुकून एखादा अर्ज वर आणला तर समिती तो वाचते, दोन प्रश्न विचारते आणि चूक लगेच सापडते. पण नियमाने चुकून अर्ज बाद केला तर तो पुन्हा कुणाच्या हातातच येत नाही, आणि ती चूक झाल्याचं कुणाला कळतही नाही. म्हणून ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार माणसांकडेच ठेवायचा. समितीतले ज्येष्ठ सदस्य ‘आम्ही घरं ओळखतो, आम्हाला तक्ते कशाला?’ असं म्हणतील तेव्हाही याच मुद्द्यावर त्यांचं समाधान होतं, कारण तुम्ही त्यांचा निर्णय काढून घेत नाही, फक्त त्यांच्यापुढे येणाऱ्या अर्जांचा क्रम लावता.

पहिली पायरी : मागच्या वर्षीची नोंदवही उघडा

चिटणीसांची परवानगी घेऊन मागच्या वर्षीचे सगळे अर्ज बाहेर काढा. सगळे म्हणजे मंजूर झालेले आणि न झालेले. इथेच पहिली अडचण येते. पुष्कळ ठिकाणी मंजूर अर्जांची फाईल व्यवस्थित असते, कारण ती हिशेब तपासनिसाला दाखवावी लागते. नामंजूर अर्ज मात्र कपाटावर धूळ खात असतात किंवा रद्दीत गेलेले असतात. ते नसतील तर पत्रात तसं स्पष्ट लिहा आणि पहिली मागणी तीच करा : यंदापासून प्रत्येक अर्ज निर्णयाच्या कारणासह जपून ठेवावा. नुसते मंजूर अर्ज पाहून केलेला नियम, ज्यांना आजवर मदत मिळाली त्यांच्यासारख्यांनाच पुढे आणतो.

अर्ज वाचताना समितीने खरोखर कशाकडे पाहिलं ते टिपा. घरचं उत्पन्न, खाणारी तोंडं, फी भरण्याची शेवटची तारीख ही कारणं तर सापडतीलच. पण कोपऱ्यात पेन्सिलीने ‘अमुक सरांकडून’ असंही लिहिलेलं आढळेल. शिफारस वाईटच असते असं नाही. शिक्षकाला वर्गातली गरज दिसते. मात्र ज्या मुलाला शिफारस करणारं कुणी नाही, त्याचा अर्ज किती खाली राहिला हे नजरेत ठेवा. पत्रात कुणाचं नाव घेऊ नका, ‘शिफारशीसह’ आणि ‘शिफारशीविना’ एवढे दोनच गट करा.

दुसरी पायरी : नियम थोडे आणि मोजता येतील असे

नवखा माणूस इथे वाहवत जातो. बारा निकष, प्रत्येकाला गुण, शंभरपैकी बेरीज. असा तक्ता दिसायला शास्त्रीय वाटतो, पण अमक्याला ६४ आणि तमक्याला ६१ का, हे कुणालाच सांगता येत नाही. सुरुवातीला तीनच गोष्टी घ्या : माणशी मासिक उत्पन्न, पैसे भरण्याची शेवटची तारीख, आणि दुसरीकडून मिळालेली मदत.

एकूण उत्पन्नाऐवजी माणशी उत्पन्न का? समजा, एका घरात पाच माणसं आहेत आणि वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपये. दुसऱ्या घरात तीन माणसं आणि उत्पन्न १,२०,०००. ‘दीड लाखाच्या आतले’ असा नियम केला तर पहिलं घर बाहेर आणि दुसरं आत. आता भागाकार करा. पहिल्या घरात महिन्याला माणशी ३,००० रुपये येतात, दुसऱ्या घरात ३,३३३. म्हणजे बाहेर टाकलेलं घरच जास्त ओढगस्तीत आहे. पत्रात हे उदाहरण जसंच्या तसं वापरा. खजिनदारांना ते अर्ध्या मिनिटात पटतं.

रेशनकार्डाच्या रंगावर नियम बेतू नका. पिवळं, केशरी, पांढरं हा फरक वार्षिक उत्पन्नाच्या जुन्या मर्यादांवर ठरलेला आहे : केशरी कार्ड १ लाखापर्यंत, पांढरं त्याच्या वर. शिवाय कार्ड काढलं तेव्हाची परिस्थिती आजची असेलच असं नाही. गिरणी किंवा कारखाना बंद पडून घरी बसलेल्या माणसाकडे पांढरं कार्ड असू शकतं, आणि धाकट्या भावाचं दुकान जोरात चालणाऱ्या एकत्र कुटुंबाकडे केशरी. रंग नोंदवायला हरकत नाही, क्रम मात्र त्यावर लावू नये.

‘दुसरीकडून मदत मिळते का’ हा प्रश्नही नीट विचारावा लागतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, पण रक्कम पुष्कळदा प्रवेशानंतर काही महिन्यांनी येते आणि कॉलेज फी आधी मागतं. अशा मुलाने फॉर्मवर ‘शिष्यवृत्ती : होय’ लिहिलं आणि नियमाने त्याला मागे ढकललं, तर ज्या महिन्यांत त्याला पैशांची सगळ्यात जास्त नड असते नेमक्या त्याच महिन्यांत तो अडकतो. म्हणून फॉर्मवर प्रश्न असा ठेवा : ‘मदत मंजूर आहे का? त्यातली किती रक्कम आजवर हातात आली?’ नियमाने फक्त दुसरं उत्तर पाहायचं. उरलेल्या रकमेसाठी बिनव्याजी उसनवार द्यायची की देणगी, हे समितीने ठरवावं.

तिसरी पायरी : नियम कुठे फसेल, तेही लिहा

पत्राचं वजन या भागात आहे. नियम सगळेच सुचवतात. त्याच्या फटी दाखवणाऱ्या स्वयंसेवकावर समिती विश्वास ठेवते.

पहिली फट कागदांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हा सगळ्यांना सोयीचा पुरावा वाटतो. पण आई नवऱ्यापासून वेगळी राहते, मुलगी आजोळी वाढते, रेशनकार्डावर नाव अजून सासरचं आणि दाखला निघतो तो वडिलांच्या नावाने. अशा मुलीचा अर्ज ‘अपूर्ण’ ठरतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घराचंही तसंच. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत हातात काय राहतं, ते दाखल्यावर दिसत नाही. म्हणजे कागदांचा नियम कडक केला की सगळ्यात आधी तेच गळतात ज्यांच्यासाठी निधी काढला. यावर उपाय पत्रातच द्या : दाखला नसेल तर पालकाचं स्वयंघोषणापत्र आणि दोन स्वयंसेवकांची गृहभेट चालेल. दोन अशासाठी, की एकाच्या कलावर सगळं अवलंबून राहू नये. त्यातला एक त्या वस्तीबाहेरचा असावा. आणि कागद कमी म्हणून अर्ज मागे न ठेवता, कुठला कागद हवा हे पालकांना फोन करून सांगायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकावी.

दुसरी फट सीमारेषेची. माणशी ४,००० रुपयांची रेघ ओढली तर ३,९५० वाला आत आणि ४,०५० वाला बाहेर, आणि हा शंभर रुपयांचा फरक तर एका अंदाजे लिहिलेल्या आकड्याचा. म्हणून रेघेऐवजी पट्टा ठेवा. दोन्ही बाजूंना दहा टक्के, म्हणजे ३,६०० ते ४,४०० मधले सगळे अर्ज ‘काठावर’ म्हणून समितीने स्वतः वाचायचे. तक्त्यात वार्षिक उत्पन्न C रकान्यात आणि घरातली माणसं D रकान्यात असतील तर सूत्र असं होईल :

```
=IF(COUNT(C2:D2)<2,"कागद हवा",
 IF(C2/12/D2<3600,"आधी",
 IF(C2/12/D2<=4400,"काठावर","चर्चेला")))
```

यात ‘नामंजूर’ हा शब्द कुठेच नाही, ते मुद्दाम. ‘चर्चेला’ याचा अर्थ रांगेत नंतर, एवढाच. एक तांत्रिक कटकट लक्षात ठेवा : कुणी रकान्यात ‘१.८ लाख’ असं लिहिलं तर तक्ता त्याला आकडा मानत नाही, आणि चांगला पूर्ण अर्ज ‘कागद हवा’ गटात जाऊन पडतो. आकडे 180000 असे इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम न देता भरायचे. ‘कागद हवा’ गट अचानक फुगला तर आधी हेच तपासा.

तिसरी फट म्हणजे ओळख. गाव लहान असलं की समितीतल्या कुणाच्या तरी भाच्याचा किंवा गड्याच्या मुलाचा अर्ज येतोच. त्या अर्जाच्या वेळी संबंधित सदस्याने बाहेर बसावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, कारण ज्यांना पत्र द्यायचं त्यांनाच ते लागू आहे. तरीही लिहा, पण स्वयंसेवकांनाही तोच नियम लावा. तुमच्या शेजारणीच्या मुलाचा अर्ज तुम्ही नोंदवायचा नाही.

आणि निर्णय कळवताना कारण द्यायचं. ‘आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही’ याने पालकांच्या पदरात काहीच पडत नाही. ‘माणशी उत्पन्न ५,२०० नोंदवलं गेलं, यंदाचा निधी ४,४०० पर्यंतच पुरला, आकडा चुकला असेल तर पंधरा दिवसांत कळवा’ असं सांगितलं तर चूक दुरुस्त होऊ शकते. फेरविचाराचे अर्ज पहिल्या निर्णयात नसलेल्या दोन सदस्यांनी पाहावेत, आणि त्यासाठी निधीतला थोडा भाग, धरा दहावा हिस्सा, शेवटपर्यंत राखून ठेवावा. फेरविचार मान्य झाला आणि पेटी रिकामी, असं व्हायला नको.

चौथी पायरी : मागच्या वर्षीच्या अर्जांवर नियम चालवून पाहा

पत्र देण्याआधी ही चाचणी करा. अर्जांना क्रमांक द्या, नाव-आडनाव झाका, दुसऱ्या स्वयंसेवकाकडून आकडे भरून घ्या आणि सूत्र लावा. मग नियमाचं उत्तर आणि समितीचा तेव्हाचा निर्णय शेजारी-शेजारी मांडा. जिथे दोघांचं जुळलं ते बाजूला ठेवा. उरलेले दोन छोटे गठ्ठे खरे कामाचे : समितीने दिलं पण नियमाने मागे ठेवलं, आणि समितीने दिलं नाही पण नियमाने पुढे आणलं.

समजा, ६० अर्जांपैकी ४७ ठिकाणी जुळलं. बाकी १३ मधल्या आठ अर्जांना समितीने मदत दिली होती आणि नियम त्यांना ‘चर्चेला’ म्हणतो. ते आठही वाचा. त्यातल्या तिघांच्या घरी मोठं आजारपण असल्याचं अर्जात लिहिलेलं सापडलं, तर तुमच्या नियमाला औषधोपचाराचा खर्च दिसतच नाही हे कळलं. मग फॉर्मवर एक रकाना वाढवा आणि तो भरलेला असेल तर अर्ज आपोआप ‘काठावर’ जाईल असं करा. त्या आठांतले उरलेले पाच शिफारशीसह आलेले निघाले तर तिथे नियम चुकला असं म्हणता येत नाही. समितीशी जास्तीत जास्त जुळणं हे नियमाचं ध्येय नव्हे. जुना कल जसाच्या तसा उतरवला तर तोच कल आता ‘नियम’ म्हणून मिरवेल.

याच तक्त्यावर गटवार नजर टाका : मुली आणि मुलगे, गाव आणि वाड्या-वस्त्या, दाखला असलेले आणि नसलेले. कुठल्या गटाचे अर्ज जास्त मागे पडतात? आकडे लहान असताना टक्केवारीच्या नादी लागू नका. एका वस्तीचे आठच अर्ज असतील तर एका अर्जाने साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. तिथे आठही अर्ज हातात घेऊन वाचणं हाच खरा तपास. जातीचा रकाना छाननीच्या तक्त्यात घेऊ नये असं माझं मत आहे. पण आडनाव आणि पत्ता दिसला की ती दिसतेच, म्हणून छाननी करणाऱ्याला फक्त क्रमांक दिसावा.

पाचवी पायरी : पत्र

दोन पानांच्या आत बसवा. तक्ता आणि चाचणीचा निकाल सोबत जोडा. अध्यक्षांच्या हातात देण्याआधी चिटणीस आणि खजिनदारांना कच्चा मसुदा दाखवा, कारण बैठकीत पहिल्यांदाच ऐकलेल्या गोष्टीला ‘पुढच्या वेळी बघू’ हेच उत्तर मिळतं. मसुदा साधारण असा :

> प्रति,
> मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
> विद्यार्थी साहाय्य समिती
>
> विषय : मदतीच्या अर्जांची प्राथमिक छाननी ठरलेल्या नियमांनी करण्याबाबत
>
> स.न.वि.वि.
>
> गेल्या वर्षी आलेल्या अर्जांची नोंद मी पाहिली. बैठकीत सुरुवातीच्या अर्जांना पुरेसा वेळ मिळतो, नंतरच्यांना मिळत नाही. ज्या पालकांची कुणाशी ओळख नाही, त्यांचे अर्ज त्यामुळे मागे राहण्याची शक्यता आहे.
>
> यासाठी असं सुचवतो की माणशी मासिक उत्पन्न, पैसे भरण्याची अंतिम तारीख आणि हातात आलेली इतर मदत या तीन बाबींवरून स्वयंसेवकांनी अर्जांचा क्रम लावावा. कोणताही अर्ज नियमाने नाकारला जाणार नाही. मंजुरी-नामंजुरीचा निर्णय आजच्याप्रमाणेच समितीचा राहील.
>
> नियमाने अन्याय होऊ नये म्हणून पुढील काळजी घ्यावी, ही विनंती : दाखला नसल्यास स्वयंघोषणापत्र व गृहभेट ग्राह्य धरावी, मर्यादेच्या दहा टक्के अलीकडचे-पलीकडचे अर्ज समितीने स्वतः वाचावेत, नात्यातल्या वा ओळखीच्या अर्जाच्या वेळी सदस्य व स्वयंसेवक दोघांनीही बाजूला व्हावं, नकाराचं कारण लेखी द्यावं आणि फेरविचारासाठी पंधरा दिवस द्यावेत.
>
> मागच्या वर्षीच्या अर्जांवर हा नियम चालवून पाहिला आहे. जिथे नियमाचं व समितीचं मत वेगळं पडलं, ते अर्ज नावं झाकून सोबत जोडले आहेत. त्यावर बैठकीत चर्चा व्हावी.
>
> हा प्रयोग यंदाच्या हंगामापुरता करावा. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्याचा अहवाल मी सादर करीन आणि तो पाहून समितीने तो चालू ठेवावा, बदलावा किंवा थांबवावा.
>
> कळावे,
> आपला/आपली नम्र,
> (नाव, स्वयंसेवक)

‘यंदाच्या हंगामापुरता’ हे शब्द गाळू नका. कायमचा बदल मागितला की लोक सावध होतात. मुदतीचा प्रयोग ते करून बघतात. शिवाय मुदत ठरली की तुमच्यावरही अहवालाचं बंधन येतं.

बैठकीत आणि नंतर

विषय विषयपत्रिकेवर यायला हवा, आयत्या वेळच्या विषयांत नको. मंजुरी मिळाली तर ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या, विशेषतः ‘नियमाने अर्ज नाकारला जाणार नाही’ हे वाक्य. दोन वर्षांनी समिती बदलते, स्वयंसेवक बदलतात, कामाचा रेटा वाढतो, आणि कुणीतरी सोयीसाठी ‘चर्चेला’ गट उघडायचाच थांबवतो. कागदावर नियम तोच राहतो, पण प्रत्यक्षात तो नाकारू लागलेला असतो. हे ओळखायची खूण सोपी आहे : ‘चर्चेला’ गटातून शेवटचा अर्ज कधी मंजूर झाला ते विचारा. पूर्ण हंगामात एकही नसेल तर गट वाचला जात नाही किंवा निधी तिथवर पोचतच नाही. दोन्हींपैकी काय, ते इतिवृत्तावरून कळेल.

निकष सूचनाफलकावर लावा. ‘मर्यादा कळली की लोक आकडे तसे लिहितील’ अशी शंका कुणीतरी काढेल आणि ती अगदीच खोटी नाही. त्यासाठी दहातल्या एका अर्जाची घरी जाऊन पडताळणी करा, पण अर्ज चिठ्ठी टाकून निवडा. संशयावरून निवडले तर त्याच त्या वस्त्यांतली दारं पुन्हा पुन्हा वाजतात.

कागदांची शिस्तही त्याच ठरावात बसवा. आधारकार्डाचे फोटो समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. ओळख पटवायला शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार पुरतं. भरलेला तक्ता चिटणीस आणि छाननी करणारे दोघे, एवढ्या तिघांकडेच राहावा. मदत घेणाऱ्या मुलांचे धनादेशासह फोटो काढायची प्रथा तुमच्याकडे असेल तर तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. या पत्रात तो घातलात तर अख्खी बैठक त्यावरच जाईल आणि छाननीचा विषय राहून जाईल.